महिन्याला दोन हजार: व्याजावरचं व्याज नेमकं कधी आणि किती दिसतं

चक्रवाढ व्याजाबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात शेवटचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि मधली वाट गायब असते. मग नवीन कमावणारा माणूस बचत सुरू करतो, वर्षभराने खातं उघडून बघतो आणि वैतागतो, कारण त्याला त्यात काहीच विशेष दिसत नाही. दिसणारही नाही. पहिल्या वर्षी चक्रवाढ जवळपास नसतेच. ती कधी जाणवू लागते हे हिशेबाने आधीच सांगता येतं, आणि तो हिशेब स्वतः मांडून बघायला अर्धा तास पुरतो.

उदाहरण साधं घेऊ. दर महिन्याच्या अखेरीला २,००० रुपये जमा, व्याजदर द.सा.द.शे. ६, व्याज दर महिन्याला खात्यात जमा. वर्षाला ६ टक्के म्हणजे महिन्याला अर्धा टक्का, त्यामुळे पहिले काही महिने कागदावरही करता येतात.

पहिल्या महिन्याच्या अखेरीला २,००० रुपये भरले. व्याज शून्य, कारण पैसे आत्ताच आले. दुसऱ्या महिन्यात त्या २,००० वर अर्धा टक्का म्हणजे १० रुपये व्याज आलं, वर नवा हप्ता २,०००. शिल्लक ४,०१०. तिसऱ्या महिन्यात व्याज ४,०१० वर लागतं, म्हणून ते २० रुपये ५ पैसे येतं. शिल्लक ६,०३०.०५. चौथ्या महिन्यात व्याज ३०.१५ आणि शिल्लक ८,०६०.२०.

तिसऱ्या महिन्यातल्या त्या ५ पैशांकडे नीट बघा. तुम्ही खिशातून भरलेल्या ४,००० रुपयांचं व्याज २० रुपयेच होतं. वरचे ५ पैसे हे मागच्या महिन्यात आलेल्या १० रुपयांच्या व्याजाने कमावले. चक्रवाढ म्हणतात ती एवढीच. चार महिन्यांत मिळून ६० रुपये २० पैसे व्याज आलं, त्यात व्याजावरचं व्याज फक्त २० पैसे. वर्ष संपताना खात्यात २४,६७१ रुपये असतात. ६७१ रुपये व्याजापैकी ६६० रुपये सरळव्याजानेही मिळाले असते. चक्रवाढीने वर्षभरात दिले ११ रुपये.

आता हेच पुढे नेण्यासाठी स्प्रेडशीट उघडा. बाजूच्या मोकळ्या जागेत J1 मध्ये 6% आणि J2 मध्ये 2000 टाका. पहिल्या ओळीत A पासून G पर्यंत मथळे लिहा: महिना, सुरुवातीची शिल्लक, व्याज, हप्ता, अखेरची शिल्लक, मुद्दलावरचं व्याज, व्याजावरचं व्याज. दुसऱ्या ओळीत हे भरा:

```
A2: 1
B2: 0
C2: =B2*$J$1/12
D2: =$J$2
E2: =B2+C2+D2
F2: =SUM(D$1:D1)*$J$1/12
G2: =C2-F2
```

तिसऱ्या ओळीत फक्त पहिले दोन रकाने वेगळे असतात:

```
A3: =A2+1
B3: =E2
```

C ते G दुसऱ्या ओळीतून तिसऱ्या ओळीत ओढून घ्या, मग अख्खी तिसरी ओळ खाली ३६१ व्या ओळीपर्यंत ओढा. ३६० महिने, म्हणजे ३० वर्षं तयार झाली. F मध्ये तोवर भरलेल्या निव्वळ हप्त्यांवरचं व्याज येतं. एकूण व्याजातून ते वजा केलं की G मध्ये उरतं ते व्याजावरचं व्याज. हा शेवटचा रकाना सहसा कुणी करत नाही, पण सगळी गंमत त्यातच आहे.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, डॉलरचं चिन्ह विसरणं. मग ओळ खाली ओढताना J1 चं J2, J3 होत जातं, आणि व्याजाचा रकाना एक-दोन ओळींनंतर एकतर भलताच फुगतो किंवा शून्यावर येतो. दुसरी, J1 मध्ये 6% ऐवजी नुसता 6 टाकणं. त्याचा अर्थ ६०० टक्के होतो आणि पहिल्याच वर्षात शिल्लक लाखो रुपयांवर जाते. पडताळणी सोपी आहे: चौथ्या महिन्याची शिल्लक ८,०६०.२० आली तर मांडणी बरोबर. लांबचा आकडा तपासायचा असेल तर कुठल्याही रिकाम्या चौकटीत हे टाका:

```
=FV(6%/12,240,-2000)
```

उत्तर ९,२४,०८२ च्या आसपास यायला हवं, आणि E241 मध्येही तेच दिसायला हवं. हप्ता खिशातून जातो म्हणून तो उणे लिहायचा, नाहीतर उत्तर उणे येतं. हप्ता महिन्याच्या अखेरीऐवजी सुरुवातीला भरला तर प्रत्येक हप्त्याला एक महिना जास्त मिळतो. २० वर्षांत त्याचा फरक साधारण ४,६२० रुपये पडतो. पगार झाल्या झाल्या हप्ता वळता करा असं सांगतात, पण त्यामागचं खरं कारण हे ४,६२० रुपये नाहीत. महिनाअखेरीला तो हप्ता शिल्लकच राहत नाही, हे आहे.

आता पाच-पाच वर्षांचे तुकडे पाडून बघू. प्रत्येक तुकड्यात तुम्ही भरता तेवढेच, १,२०,००० रुपये.

| वर्षं | त्या पाच वर्षांत आलेलं व्याज | अखेरची शिल्लक |
|---|---|---|
| १ ते ५ | १९,५४० | १,३९,५४० |
| ६ ते १० | ६८,२१९ | ३,२७,७५९ |
| ११ ते १५ | १,३३,८७८ | ५,८१,६३७ |
| १६ ते २० | २,२२,४४५ | ९,२४,०८२ |
| २१ ते २५ | ३,४१,९०६ | १३,८५,९८८ |
| २६ ते ३० | ५,०३,०४२ | २०,०९,०३० |

या तक्त्यात एक जागा खूण करून ठेवण्यासारखी आहे. ११ ते १५ च्या तुकड्यात व्याज पहिल्यांदा तुमच्या भरण्याच्या पुढे गेलं. नेमका महिना हवा असेल तर C रकान्यात खाली जात राहा. १४० व्या महिन्यात, म्हणजे बाराव्या वर्षाच्या आठव्या महिन्यात, त्या एका महिन्याचं व्याज २,००० रुपये ४८ पैसे येतं. तुमच्या हप्त्याएवढं व्याज खातं स्वतःच भरू लागलं. कारण सरळ आहे: महिन्याला अर्धा टक्का दराने २,००० रुपये व्याज यायला शिल्लक ४ लाख लागते, आणि ती १३९ व्या हप्त्यानंतर होते.

आता J2 मध्ये 2000 च्या जागी 500 टाका, मग 10000 टाका. हा महिना हलत नाही. हप्ता लहान असो की मोठा, व्याज हप्त्याला १४० व्या महिन्यातच गाठतं. तो महिना फक्त व्याजदरावर अवलंबून असतो, आणि त्याचा थेट संबंध रक्कम दुप्पट व्हायला लागणाऱ्या काळाशी आहे. एकरकमी ठेव ज्या काळात दुप्पट होते, त्याच काळात मासिक बचतीचं व्याज हप्त्याएवढं होतं. त्यामुळे इथे ७२ चा जुना नियम जसाच्या तसा चालतो: ७२ ला व्याजदराने भागा, वर्षं मिळतात. इटलीतला गणिती लुका पाचोली याच्या १४९४ साली छापलेल्या ग्रंथातही हा नियम आहे. ६ टक्क्यांना १२ वर्षं (आपल्या तक्त्यात ११ वर्षं ७ महिने भरून १४० वा महिना), ८ टक्क्यांना ९. तोंडी हिशेबाला एवढी अचूकता भरपूर झाली. पाचव्या वर्षी "काही वाढतच नाही" असं वाटू लागलं की हा भागाकार करायचा. तुम्ही अजून निम्म्या वाटेवरही नाही, हे कळतं.

J2 मध्ये पुन्हा 2000 टाका. दुसरी खूण G रकान्यातली. २४० व्या महिन्यात आलेल्या ४,५८७ रुपये व्याजात २,३९० रुपये मुद्दलावरचे आणि जवळपास २,१९७ व्याजावरचे आहेत. १३-१४ महिन्यांनी दुसरा आकडा पहिल्याला मागे टाकतो. त्याच सुमारास, २१ वर्षं उलटल्यावर, खात्यातली रक्कम तुम्ही भरलेल्या एकूण पैशांच्या दुप्पट झालेली असते. ३० वर्षं पूर्ण होताना एकूण व्याज १२,८९,०३० होतं, त्यातले ६,४६,२०० मुद्दलावरचे आणि ६,४२,८३० व्याजावरचे. चार महिन्यांत २० पैसे होते ते हेच.

"आम्ही व्याज रोज मोजतो" अशा जाहिरातीने मात्र भुलून जाऊ नका. १०,००० रुपये वर्षभर ६ टक्क्यांनी ठेवले तर व्याज वर्षातून एकदा जोडल्यास ६०० रुपये मिळतं, तिमाहीने जोडल्यास ६१३.६४, महिन्याने ६१६.७८ आणि रोज जोडलं तर ६१८.३१. याच्या पुढे क्षणाक्षणाला जोडलं तरी ६१८.३७ च्या वर जात नाही. ही मर्यादा असते हे याकोब बर्नुलीने १६८३ मध्येच चक्रवाढीचा अभ्यास करताना दाखवलं होतं. म्हणजे महिन्याऐवजी रोज जोडल्याचा फायदा वर्षाला दीड रुपया. दर पाव टक्क्याने जास्त असेल तर वर्षाला २५ रुपये जास्त. कशासाठी चौकशी करायची ते यावरून ठरवा.

खरं नुकसान वेगळ्या ठिकाणी होतं.

सगळ्यात साधी गफलत खातं उघडतानाच्या अर्जात असते. व्याज हातात घ्यायचं की खात्यातच जमा करायचं, असा पर्याय बऱ्याच ठेवींना असतो, आणि पहिला पर्याय निवडला की चक्रवाढ थांबते. आपल्या उदाहरणात २० वर्षं व्याज दर महिन्याला काढून घेतलं तर एकूण २,८६,८०० रुपये मिळतात. खात्यात राहू दिलं तर ४,४४,०८२. मधले १,५७,२८२ रुपये फक्त एका खुणेच्या चौकटीमुळे जातात. आपलं काय झालंय हे ओळखायचं असेल तर खातेउताऱ्यात सलग दोन व्याजाच्या नोंदी बघा. नवा पैसा भरलेला नसताना, दर तोच असताना आणि काळ सारखाच असताना दुसरी नोंद पहिल्यापेक्षा किंचित मोठी असेल तर व्याज जोडलं जातंय. दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर एकतर व्याज बाहेर जातंय, नाहीतर जोडण्याचा काळ लांबचा आहे. मग विचारून घ्या.

दुसरं, मधेच काढलेली रक्कम. दहाव्या वर्षी गरज म्हणून १ लाख काढले तर तिसाव्या वर्षी शिल्लक १ लाखाने कमी दिसत नाही, ३,३१,००० ने कमी दिसते, कारण त्या लाखाची पुढची २० वर्षंही सोबत गेली. म्हणून अडीअडचणीचे पैसे या खात्यात ठेवूच नयेत. तीन-चार महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम आधी वेगळी बाजूला ठेवा, तिला व्याज कमी मिळालं तरी चालेल. आणि अंगावर महागडं कर्ज असेल तर बचतीआधी ते फेडा. महिन्याला ३ टक्के आकारणाऱ्या थकबाकीवर २,००० रुपयांचे वर्षभरात २,८५२ होतात, तर बचतीत तेच २,००० वर्षात २,१२३ होतात. दोन्हीकडे यंत्रणा एकच आहे, वेग वेगळा.

तिसरं, उशीर. याची किंमत लोक हप्त्यांवरून मोजतात आणि तिथे चुकतात. पाच वर्षं उशिरा सुरुवात केली तर भरायचे १,२०,००० राहिले, एवढंच वाटतं. पण तक्त्यात ३० आणि २५ वर्षांच्या शिल्लकेतला फरक ६,२३,०४२ आहे. हा फरक म्हणजे सगळाच्या सगळा पहिल्या पाच वर्षांत साठलेल्या १,३९,५४० रुपयांचे पुढच्या २५ वर्षांत झालेले पैसे. उशीर भरून काढायचा तर २५ वर्षं दरमहा सुमारे २,९०० भरावे लागतात, म्हणजे एकूण खिशातूनही दीड लाख जास्त. उलट, पहिल्या वर्षात एखादा हप्ता चुकला म्हणून खातं बंद करण्यात अर्थ नाही. अगदी पहिला हप्ता चुकला तरी ३० वर्षांनी १२,००० च्या आसपास कमी पडतात, आणि पुढचे ३५९ हप्ते आपलं काम करतच असतात.

चौथं, शुल्क. पैसे सांभाळणारा वर्षाला १ टक्का घेत असेल तर ६ चे ५ टक्के उरतात. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. J1 मध्ये 5% टाकून बघा: ३० वर्षांची शिल्लक २०,०९,०३० वरून साधारण १६,६४,५०० वर येते. तुमच्या एकूण व्याजाचा चौथ्याहून जास्त हिस्सा त्या एका टक्क्यात गेला. शुल्क दरवर्षी सगळ्या शिल्लकेवर लागतं, फक्त नव्या हप्त्यांवर नाही, म्हणून ते शेवटच्या वर्षांत सगळ्यात जास्त चावतं, म्हणजे तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यांच्या वेळीच.

राहिली महागाई. वस्तूंचे भाव वर्षाला ४ टक्क्यांनी वाढत गेले तर २० वर्षांनंतरच्या ९,२४,०८२ रुपयांत आजच्या ४,२१,७०० रुपयांएवढंच येतं. हा आकडा तुम्ही भरलेल्या ४,८०,००० पेक्षा कमी बघून घाबरायचं कारण नाही, कारण तुमचे नंतरचे २,००० रुपयेही आजच्या २,००० एवढ्या मोलाचे नसतात. पण हप्ता २० वर्षं तोच ठेवला तर बचत मोलाने आकसत जाते, हे खरं. पगार वाढतो तसा हप्ताही वाढवणं हा त्यावरचा उपाय. J1 मध्ये पुन्हा 6% आणा, J3 मध्ये 5% टाका आणि D2 मधलं सूत्र बदलून खालपर्यंत ओढा:

```
D2: =$J$2*(1+$J$3)^INT((A2-1)/12)
```

आता हप्ता दर १२ महिन्यांनी ५ टक्क्यांनी वाढतो: दुसऱ्या वर्षी २,१००, तिसऱ्या वर्षी २,२०५. विसाव्या वर्षी तो ५,०५४ च्या आसपास असतो. वीस वर्षांत एकूण भरणा ७,९३,६०० आणि शिल्लक सुमारे १३,८८,००० होते. यातली बरीच वाढ तुमच्या जास्तीच्या भरण्याची आहे, चक्रवाढीची नाही, हे F आणि G रकाने लगेच दाखवतात. उशिरा भरलेल्या मोठ्या हप्त्यांना वाढायला वेळच कमी मिळतो. म्हणून झेपत असेल तर सुरुवातीचा हप्ता थोडा मोठा आणि वाढ थोडी कमी, ही जोडी जास्त फायद्याची पडते. J2 आणि J3 मध्ये दोन-तीन जोड्या घालून स्वतःच्या पगाराला कोणती बसते ते बघा.

वर्षातून एकदा, व्याजाची नोंद झाल्यावर, खातेउताऱ्यातली शिल्लक आणि E रकान्यातली शिल्लक शेजारी ठेवा. पाच-दहा रुपयांचा फरक तारखांमुळे पडतो, तो सोडून द्या. उतारा दरवेळी थोड्या ठराविक प्रमाणात मागे पडत असेल तर व्याजावर कर कापला जातोय की शुल्क लागतंय ते विचारा, आणि J1 मध्ये कापून उरलेला दर टाका. फरक एखाद्या महिन्यापासूनच सुरू झाला असेल तर त्या महिन्यात दर बदललाय किंवा हप्ता उशिरा जमा झालाय. सुरुवातीपासून तक्ता पुढे आणि उतारा मागे, पण कपात कुठेच नाही, असं दिसलं तर तुम्हाला सांगितलेला दर बहुधा वर्षभराची चक्रवाढ धरून सांगितलेला असतो. महिन्याला अर्धा टक्का जोडून वर्षाला ६.१७ टक्के पडतात. कुणी ६.१७ सांगितलं आणि तुम्ही त्यालाच १२ ने भागलं, तर चक्रवाढ दोनदा मोजली जाते. तेव्हा J1 मध्ये 6% च ठेवायचे.